जगाले सांगा, गावाले नोका सांगू

"वाजवी विनंती केल्यास डेटा लेखकाकडून उपलब्ध होईल." हे वाक्य ज्या माणसानं पहिल्यांदा लिहिलं ना, तो मला एकदा भेटायला हवा. काय बोलेन ते इथं लिहिता येत नाही. संशोधनाच्या हजारो पेपरांच्या शेवटी हे वाक्य असतं. आणि विनंती केली की काय होतं? लेखक उत्तर देत नाही. दुसऱ्यांदा केली की पेनड्राइव्ह खराब झालेला असतो. तिसऱ्यांदा केली की तुम्हीच चिकट माणूस ठरता.

मी डॉक्टरांच्या कॉलेजातली डॉक्टर नसलेली बाई. संख्याशास्त्र शिकवते आणि दुसऱ्यांच्या संशोधनातले आकडे तपासते. आवाज मोठा आहे. माझे वडील कळमन्याच्या यार्डात लिलावाची बोली पुकारायचे, त्यामुळे आमच्या घरी "पाणी दे" हेसुद्धा दहा पोती पलीकडच्या माणसाला ऐकू जाईल असंच म्हणायचे. कॉलेजात माझ्या केबिनचं दार बंद असलं तरी मी काय बोलते ते जिन्यापर्यंत पोचतं, असं सगळे म्हणतात. पोचू दे.

त्या वर्षी आमचा सिकलसेलचा पेपर एका बऱ्या जर्नलकडे गेला होता. सिकलसेल म्हणजे रक्ताचा आजार, आईबापांकडून येतो, लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि मग अंग असं ठणकतं की माणूस भरतीच होतो. कोणत्या रुग्णाला पुढच्या काही महिन्यांत भरती व्हावं लागेल, हे आधी ओळखता येतं का, एवढाच आमचा प्रश्न होता. सावनेरकडच्या गावांत जाऊन रक्त घेतलं होतं, मग कित्येक महिने त्या लोकांच्या तब्येतीची माहिती ठेवली होती. पेपरावर सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात मोठं नाव आमच्या विभागप्रमुख सरांचं.

जर्नलनं पेपर परत पाठवला. नाकारला नव्हता. म्हणणं एवढंच होतं की शेवटचं ते एका ओळीचं निवेदन चालणार नाही. डेटा कुठं आहे, कोणाला मिळेल, कोणाला नाही आणि का नाही. कोड कुठं ठेवला. कोणतं सॉफ्टवेअर, त्याची कोणती आवृत्ती. रँडम सीड कोणता. हे सगळं लिहा, म्हणजे दुसऱ्याला तेच काम करून तोच आकडा काढता आला पाहिजे.

सरांनी ती मेल मला पुढं ढकलली आणि वर लिहिलं, "प्लीज डू द नीडफुल." समोर भेटल्यावर म्हणाले, "मॅडम, एक पॅराग्राफ तर आहे. चहा पिता पिता होऊन जाईल."

चहा पिता पिता! त्या एका पॅराग्राफनं माझं डोकं दोन महिने तापलेलं होतं.

पण त्याआधी त्या बाईचं सांगते, जिच्यामुळे तापलं.

त्या गावांपैकी एक माझ्या आईचं माहेर. म्हणून शिबिराला मला नेलं होतं, लोक ओळखीच्या माणसाला हात पुढं करतात म्हणून. शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं होतं. बाया येत होत्या, रक्त देत होत्या, बिस्किटाचा पुडा घेऊन जात होत्या. एक तरुण सून आली ती सगळ्यात शेवटी, आवराआवर चाललेली असताना. चोवीसेक वर्षांची, डी.एड. झालेली. त्या गावात डी.एड. झालेली तेवढी एकच सून. हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, मले आहे तो आजार. माहेरपासून आहे. गोळ्या चालू आहेत. घरी सांगतलं की रक्तवाढीच्या गोळ्या हाय."

"नवऱ्याला माहीत आहे?"

"त्याले माहीत हाय. त्यानंच पाठवलं. सासूले नाही. सासूले समजलं तं मले नांदू देणार नाही."

मी तिला आमचं संमतीचं सगळं समजावून सांगितलं. ते वाक्य आम्ही मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं, की तुमची माहिती गावाबाहेर जाणार नाही. मी तेच ठासून म्हटलं, "गावाबाहेर काही जाणार नाही वं, बेफिकीर राय."

तर ती हसायलाच लागली. पदर तोंडावर घेऊन हसली. म्हणाली, "ताई, गावाबाहेर गेलं तं माह्यं काय बिघडते? तिकडं मले कोण ओळखते? जगाले सांगा. गावाले नोका सांगू!"

त्या संमतीच्या कागदावर एवढी मोठी नैतिकता समिती बसली, एवढ्या दुरुस्त्या झाल्या, इंग्रजीतून मराठी झालं, मराठीतून पुन्हा इंग्रजी करून तपासलं, आणि कुंपण घातलं ते उलट्या बाजूनं. माणसाला धोका परक्याकडून कमी असतो. त्याला ओळखणाऱ्याकडून असतो. आम्ही ते वाक्य नंतर बदलून समितीकडून पास करून घेतलं. आणि मी तिला शब्द दिला, की गावाला कळणार नाही. तिनं हात पुढं केला.

आता पॅराग्राफ.

मी आधी सोप्यापासून सुरुवात केली. सॉफ्टवेअर. आम्ही आर नावाचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट मिळतं आणि चांगलं आहे. मूळ काम विभागातल्या जुन्या कॉम्प्युटरवर एका प्रोजेक्ट असिस्टंटनं केलं होतं, तो नंतर नोकरी लागून पुण्याला गेला. मी त्याचा कोड माझ्या लॅपटॉपवर घेतला, तोच डेटा, तोच सीड, आणि चालवला.

आमचं भाकीत किती बरोबर येतं, तो आकडा उतरला. थोडाथोडका नाही, चांगलाच उतरला. पेपरात आमचं मॉडेल, म्हणजे कोण भरती होईल ते ओळखणारं गणित, हुशार होतं. माझ्या लॅपटॉपवर ते काठावर पास झालेलं पोरगं होतं.

इथं सीडचं सांगितलं पाहिजे. आपण रुग्णांचे दोन गट करतो. एका गटावरून कॉम्प्युटर शिकतो, दुसऱ्या गटावर त्याची परीक्षा घेतो. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. चिठ्ठ्या कॉम्प्युटरच टाकतो, पण त्याला एक सुरुवातीचा आकडा द्यावा लागतो. तो सीड. तोच सीड दिला की त्याच चिठ्ठ्या निघतात, म्हणून तर तो लिहून द्यायचा. पण एक भानगड आहे. आरच्या ३.६ आवृत्तीपासून चिठ्ठ्या काढायची आतली रीतच बदलली. जुन्या आवृत्तीत आणि नव्या आवृत्तीत सीड तोच ठेवला तरी चिठ्ठ्या वेगळ्या निघतात. विभागातला कॉम्प्युटर त्याच्या आधीचा, माझा लॅपटॉप नंतरचा. म्हणून नुसता सीड लिहून भागत नाही, आवृत्तीही लिहावी लागते. हे लोकांना सांगितलं की ते जांभई देतात.

नव्या आवृत्तीला "जुन्या रीतीनं काढ" असं सांगायची सोय आहे. मी तसं सांगून पुन्हा चालवलं. पेपरातला आकडा जसाच्या तसा आला, शेवटच्या अंकापर्यंत. म्हणजे कोडमध्ये चूक नव्हती. मग मी सीड एकानं वाढवला. आकडा आपटला. अजून एकानं वाढवला. आपटलेलाच. मी वेड्यासारखी चालवत बसले, आणि त्या एका सीडइतका चांगला आकडा काही केल्या येईना.

सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, हा सीड कुठून आला?"

सर मुळीच गडबडले नाहीत. हसले. "अरे, ती गंमत आहे. पहिले मुलीची जन्मतारीख टाकली. नाही जमलं. मग मिसेसची टाकली. मग माझी. मग त्या पोराला म्हटलं, आता गाडीचा नंबर टाकून बघ. आणि बघा, गाडीनं काम केलं!"

गाडीनं काम केलं.

मी म्हटलं, "सर, म्हणजे चिठ्ठ्या मनासारख्या निघेपर्यंत टाकल्या?"

"मॅडम, चालवून बघावंच लागतं ना यार. सगळे तेच करतात. आपण काही आकडा खोटा लिहिला का? तुम्हीच चालवून बघितला, तोच आला."

हे मला जास्त झोंबलं. कारण बरोबर होतं ते. आकडा खोटा नव्हता. कोणीही, कुठंही, तो कोड तो सीड देऊन चालवला असता तर हाच आकडा आला असता. निवेदनात सगळं खरं लिहिता आलं असतं आणि तरी ती शुद्ध फसवणूक झाली असती. मी म्हटलं, "सर, मी यात कोणता सीड लिहू? आणि लोकांनी विचारलं हाच का, तर काय सांगू? गाडीच्या पासिंगचा आहे म्हणून?"

"कोण विचारतं हो सीडचं? आणि कोड द्यायचाच कशाला? आपल्या मेहनतीचा आहे. लिहा, कोड विनंती केल्यास मिळेल."

पुन्हा विनंती! मी दार आपटलं नाही, पण ते आपोआप जोरात लागलं.

मी काय केलं सांगते, त्यात काही मोठी गोष्ट नाही, कोणत्याही वर्गात शिकवतात. एकपासून शंभरपर्यंत सगळे सीड आधीच ठरवून घेतले, आवडीनिवडीचा प्रश्नच नको म्हणून. शंभरही वेळा चालवलं. सरासरी लिहिली, आणि आकडा कुठून कुठपर्यंत हलतो तेही लिहिलं. गाडीचा नंबरही लपवला नाही. सरळ लिहिलं, की आधीच्या मसुद्यातला आकडा एकाच सीडवरचा होता आणि तो इथं दिलेल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला येतो. मॉडेल हुशार राहिलं नाही. पण नुसत्या अंदाजापेक्षा बरं होतं, आणि हे पहिल्यांदा मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत होते.

सरांनी ते वाचलं आणि कागद ठेवून घेतला. तिसऱ्या दिवशी बोलावलं. चेहरा एकदम खुशीतला. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

"मॅडम, मी विचार केला. तुम्हाला पारदर्शकता पाहिजे ना? चला, पूर्ण पारदर्शकता. डेटाची फाईलच टाकून देऊ वेबसाईटवर. नावं काढून. जर्नलवाले ओपन डेटाचा बिल्ला देतात पेपरावर. आकडा उतरला तर उतरला, बिल्ला तर येईल."

"आणि कोड?"

"कोड राहू द्या."

बघा आता. कोड आमचा. त्यात आमची लबाडी दिसेल, म्हणून तो कपाटात. डेटा त्यांचा. त्यात त्यांचा आजार दिसेल, तो चौकात. माझ्या अंगाची लाही लाही झाली. जे द्यायचं ते लपवायचं, आणि जे जपायचं ते वाटून मोकळं व्हायचं, आणि वरून बिल्ला लावून फिरायचं.

मी म्हटलं, "सर, नाव काढलं तरी गाव आहे, वय आहे, बाई की पुरुष आहे, शिक्षण आहे, कोणती गोळी चालू आहे ते आहे. कितीदा भरती झाली तेही आहे. एका गावात डी.एड. झालेली चोवीस वर्षांची बाई एकच असेल तर?"

"अहो, कोण बसून शोधतंय तिला? अमेरिकेतला माणूस?"

"अमेरिकेतला नाही सर, शेजारचा."

"मॅडम, तुम्ही फार इमोशनल होता. नाव नाही म्हणजे ओळख नाही. खतम."

मी ठरवून काही केलं नाही. तोंडातून निघून गेलं. सरांच्या टेबलाच्या खणात शुगरच्या गोळ्यांची पट्टी असायची. लग्नात, पार्टीत दोन दोन वाट्या रबडी खायचे आणि "मला काही नाही, फिट आहे" म्हणायचे. घरी तर अजिबातच माहीत नव्हतं. विभागात सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी बोलायचं नाही.

मी म्हटलं, "ठीक आहे सर. एक ओळ सांगते. या विभागात पुरुष, वय छप्पन्न, शिक्षण एम.डी., गोळी शुगरची, पथ्य नाही. नाव काढलं आहे."

शेजारच्या टेबलावर बसलेल्या क्लार्क बाईंनी मान खाली घातली. सरांचा चेहरा लाल झाला.

"हे... हे पर्सनल आहे! तुम्हाला काय अधिकार?"

"तेच म्हणते सर," मी म्हटलं. एवढं मात्र हळू म्हटलं. लिलावाचा आवाज त्या दिवशी कुठं गेला कोण जाणे.

त्यानंतर सर उलटे फिरले, अगदी पूर्ण. "मग सगळंच बंद. लिहून टाका, नैतिक कारणांमुळे काहीच देता येत नाही. डेटा बंद, कोड बंद, विषय बंद." हे तर आणखी डोक्यात गेलं. म्हणजे ती बाई, जिनं मला विश्वासानं हात दिला, तिच्या पदराआड आता आपला गाडीचा नंबर लपवायचा! मी म्हटलं, नाही. तिच्या नावावर तुमचं काही झाकू देणार नाही. कोडला कसला आजार झाला आहे?

मी नैतिकता समितीच्या सचिव मॅडमकडे गेले. औषधशास्त्राच्या, निवृत्तीला आलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना सगळं सांगितलं. चष्मा वर करून त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहा. साध्या भाषेत लिहा, म्हणजे मला इंग्रजीत लपवाछपवी झाली का ते कळेल. मी समितीपुढं ठेवते."

म्हणून तो पॅराग्राफ मी पहिल्यांदा मराठीत लिहिला. असा होता:

"या अभ्यासातली प्रत्येक माणसाची वेगवेगळी माहिती आम्ही सार्वजनिक करणार नाही. नावं काढली तरी गाव, वय आणि शिक्षण जुळवून ओळखीचा माणूस त्यांना ओळखू शकतो, आणि आम्ही त्यांना तसं होणार नाही असा शब्द दिला आहे. गावांची नावं काढून, वयाचे गट करून एकत्रित तक्ते दिले आहेत. तक्त्यातल्या ज्या घरात माणसं फार कमी येतात ते घर रिकामं ठेवलं आहे. कोणा संशोधकाला मूळ माहितीवर काम करायचं असेल तर त्यानं लेखकाकडे नव्हे, संस्थेच्या समितीकडे अर्ज करावा. त्याच्या स्वतःच्या समितीची मंजुरी आणि करार लागेल, काम आमच्याच कॉम्प्युटरवर करावं लागेल, आणि गावानिशी माहिती कोणालाही मिळणार नाही. समिती ठरलेल्या मुदतीत उत्तर देईल, नकार असला तर कारणासह. कोड पूर्ण उघडा आहे, कोणीही घ्यावा, वापरावा. आर आणि त्यातल्या प्रत्येक पॅकेजची आवृत्ती सोबतच्या फाईलमध्ये आहे. सीड एक ते शंभर, सगळे वापरले, निवडून घेतले नाहीत. कोड चालवून बघायला आम्ही बनावट माहितीची फाईल दिली आहे. त्यात खरा माणूस एकही नाही, म्हणून तिच्यावर कोड चालेल, पण पेपरातला आकडा येणार नाही."

सचिव मॅडमनी वाचलं. एकच विचारलं, "लेखकाकडे नव्हे हे का?"

मी म्हटलं, "लेखकाला मोह होतो मॅडम."

त्यांनी सही केली. समितीत पास झालं. सरांना सही करावी लागली, कारण समितीच्या कागदाशिवाय जर्नल पुढं सरकत नव्हतं. पेन असा दाबला की कागद फाटायचा राहिला.

पेपर छापून आला. संपादकांनी निवेदन स्पष्ट आहे असं खास कळवलं. आणि मग काय झालं असेल? पेपरात सरांचा फोटो! वर्तमानपत्रात हो. "विदर्भातल्या संशोधनात पारदर्शकतेचा नवा पायंडा." धरमपेठच्या एका हॉलमध्ये सत्कार झाला, शाल, श्रीफळ, सगळं. सर माईकवर म्हणाले, "मी पहिल्यापासून टीमला सांगत होतो, एक सीड चालणार नाही." मी मागच्या रांगेत बसले होते. शेजारच्या बाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला, म्हणून मी खुर्चीतच राहिले. नाहीतर त्या दिवशी श्रीफळाचं काही खरं नव्हतं. रबडी होती. सरांनी घेतली नाही, एवढं मात्र मी बघितलं.

त्या बातमीत गावांचा उल्लेख होता. सरांनीच सांगितला होता, कौतुकानं. आठवड्याभरात एक अर्ज आला. समितीकडे नाही, थेट सरांच्या मेलवर. आमच्या त्या गावातलाच एक माणूस, तिथं ऑनलाइन कामांचं सेंटर चालवणारा. मराठीत, चांगल्या अदबीनं लिहिलं होतं, की आपल्या गावाचा अभिमान वाटला, गावातल्या कोणाकोणाला हा आजार आहे त्याची माहिती द्यावी, म्हणजे सोयरिकी जुळवताना समाजाला मदत होईल. खाली त्याचं नाव. मी ते आडनाव आणि ते मधलं नाव दोनदा वाचलं. मधलं नाव त्या डी.एड. सुनेच्या सासऱ्याचं. तिचा दीर. सख्खा. त्याच घरात राहणारा, त्याच चुलीवरचं खाणारा.

सरांनी मेल माझ्याकडे ढकलली होती. वर लिहिलं होतं, "आपलेच लोक आहेत. चांगला हेतू आहे. बघा काही देता आलं तर."

मी उठले, बाहेर गेले, नळाखाली तोंड धुतलं, परत आले. मग उत्तर लिहिलं. आवाज न चढवता. समितीचा पत्ता दिला, गावानिशी माहिती कोणालाच मिळत नाही असं लिहिलं, निवेदन जोडलं, कोडचा दुवा दिला, आणि बनावट माहितीची फाईलसुद्धा दिली. घे म्हटलं, शोध त्यात. शेवटी हेही लिहिलं, की सोयरीक जुळवायची तर ज्यांचं लग्न आहे त्यांनी स्वतःहून तपासून घ्यावं, सरकारी दवाखान्यात मोफत होतं. सरांना प्रत पाठवली.

इथं एक सांगून ठेवते. ती चोवीस वर्षांची नव्हती. डी.एड. तर नव्हतीच. त्या माणसाचं ऑनलाइन सेंटर नाही, आणि दीर हे नातंही तेच असेल असं समजू नका. सावनेर लिहिलं, ते सावनेर असेल किंवा नसेल. मला काय वेडी समजता? एवढं भांडून शेवटी मीच इथं लिहून टाकेन?

ती मात्र आहे. महिन्याला गोळ्या न्यायला येते. त्या मेलनंतर आली तेव्हा मी ओपीडीच्या बाकावर तिच्याशेजारी बसले. तिला काहीच सांगितलं नाही. सांगून काय करणार होते? त्या माणसाला ती रोज जेवायला वाढते.

तिनं विचारलं, "ताई, ते तुमचं छापून आलं म्हणे. मी हावो का त्याच्यात?"

"हायेस ना वं. तुह्याशिवाय कसं होईल?"

"मंग दिसते का कोणाले?"

"नाही."

ती खूश झाली. गोळ्यांचं पाकीट भाजीच्या पिशवीत तळाशी घातलं, वरून मेथीची जुडी ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सगळं चांगलं झालं तं. तुमी काहून एवढ्या रागात दिसून राहिल्या?"

मी म्हटलं, "काही नाही वं. माह्यं तोंडच तसं हाय."